हॉलमध्ये ऐंशी, झूमवर पन्नास: वक्त्याचा परिचय दोन्हीकडे नीट कसा पोचवायचा

आमच्या तालुक्याच्या गावी वाचनालयाची छोटी व्याख्यानमाला असते, आणि तिचं सूत्रसंचालन बरीच वर्षं माझ्या गळ्यात आहे. कोविडनंतर आम्ही झूमची लिंक चालू ठेवली, कारण गावातली निम्मी मुलं पुण्यात नाहीतर परदेशात आणि त्यांच्या आया म्हणायला लागल्या की आम्हाला गुडघ्यांमुळे जिना चढवत नाही, आम्हीपण घरूनच ऐकू. आता हॉलमध्ये ऐंशीएक लोक आणि झूमवर पन्नासएक, असं ठरलेलं गणित आहे. मोठ्या कॉन्फरन्सचं मला माहीत नाही, त्यांच्याकडे चार कॅमेरे आणि कानात इअरपीस घातलेली माणसं असतात. मी सांगतेय ते एक लॅपटॉप, एक मोबाइल, एक साउंडवाला आणि दोन हौशी कार्यकर्ते एवढ्यात भागवणाऱ्यांसाठी, आणि तेही फक्त परिचयाच्या दीड-दोन मिनिटांबद्दल.

फक्त परिचयच का, तर पुण्याची वसंत व्याख्यानमाला न्या. रानड्यांनी १८७५ साली सुरू केली तेव्हापासून आपल्याकडे परिचयाची जी पद्धत पडलीय ती वक्ता आणि श्रोते एका छपराखाली आहेत हे धरूनच आहे. वक्ता आधीच स्टेजवर बसलेला असतो, लोक त्याला बघत असतात, निवेदक मान वळवून ‘आज आपल्याला लाभलेले’ म्हणतो आणि सगळ्यांना कळतं कोण ते. घरून बघणाऱ्याला यातलं काहीच कळत नाही. त्याला दिसतो टेबलाचा फुलांनी झाकलेला भाग आणि मागचा बॅनर, मान कुणाकडे वळली ते फ्रेमच्या बाहेर. म्हणून ही दोन मिनिटं नुसती माहिती द्यायची नसतात, त्या दोन मिनिटांत आवाज, चित्र आणि लक्ष तिन्ही दोन्हीकडे वक्त्यावर आणून ठेवायचं असतं. वक्त्याचं पहिलं वाक्य सुरू होताना घरच्या माणसाला ते स्वच्छ ऐकू आलं, वक्त्याचा चेहरा दिसला आणि नाव कळलं, तर तुमचं काम झालं.

तीन-चार दिवस आधी: बायोडेटा बाजूला, फोन हातात

वक्ते दोन पानी बायोडेटा पाठवतात आणि आपण तो स्टेजवर वाचतो, ही मूळ चूक. हॉलमधला माणूस उठून जात नाही, लाजेकाजेने बसतो, पण घरचा माणूस तिसऱ्या पुरस्काराला व्हॉट्सअ‍ॅप उघडतो आणि मग परत येईल याचा भरवसा नाही. बायोडेटा वाचा, पण मग फोन करून तीनच गोष्टी विचारा. पहिली, नाव जसंच्या तसं कसं घ्यायचं, डॉक्टर लावायचं का, मधलं नाव हवं का, लग्नाआधीचं आडनाव लिखाणात वापरतात का. दुसरी, आजच्या विषयाशी तुमचा संबंध नेमका कुठून आला, एखादी जागा किंवा एखादं काम सांगा. तिसरी, तुमच्या भाषणाचं पहिलं वाक्य काय असणार आहे.

ही तिसरी फार उपयोगी. एकदा मी परिचयात जो किस्सा मोठ्या उत्साहाने सांगितला तोच किस्सा पाहुण्यांच्या भाषणाची सुरुवात होता, ते उठले आणि म्हणाले की बाईंनी माझं भाषण करूनच टाकलंय. लोक हसले म्हणून निभावलं. पहिलं वाक्य माहीत असलं की तुम्ही त्याच्या एक पायरी अलीकडे थांबू शकता.

आणि हो, फोनवर हेपण सांगून टाका की कार्यक्रम ऑनलाइन जातोय आणि रेकॉर्ड होतोय, चालेल ना. स्टेजवर चढल्यावर विचारलं तर कोण नाही म्हणणार.

लिहिताना: पावणेदोनशे शब्द, आणि नाव शेवटी

मी घड्याळ लावून वाचते तेव्हा स्टेजवर मिनिटाला ११० ते १२० मराठी शब्द होतात, म्हणजे दीड मिनिटाला पावणेदोनशे. यापेक्षा जास्त लिहिलं असेल तर कापा, घाईत वाचू नका, कारण झूमवर नेट जरा डळमळलं की पहिल्यांदा घाईतल्या वाक्यांचे तुकडे पडतात.

नाव शेवटी घ्यायचं. ही काही नाट्यमयतेची हौस नाही. नाव घेतल्यावर हॉलमध्ये टाळ्या वाजतात, वक्ता उठतो, माइकपाशी येतो, म्हणजे नाव हीच सगळ्यांसाठी खूण. नाव आधीच घेऊन पुढे अजून पाच वाक्यं बोललात तर अर्धवट टाळ्या पडतात, वक्ता अर्धवट उठून परत बसतो आणि कॅमेरावाला गोंधळतो. घरी बसलेल्यांना मात्र तोवर कोण बोलणार ते कळायला हवं ना, तर त्याची सोय वेगळी: परिचय सुरू होतानाच तुमच्या कार्यकर्त्याने चॅटमध्ये नाव, विषय आणि एका ओळीत ओळख टाकायची. आणि परिचय संपल्यावर परत एकदा टाकायची, कारण उशिरा आलेल्याला झूमवर आधीचं चॅट दिसत नाही, त्याच्यासाठी तिथून पुढचंच असतं.

‘शुभ संध्याकाळ’ टाळा. आपल्याकडे संध्याकाळचे सहा म्हणजे लंडनला जुलैत दुपारचे दीड, जानेवारीत साडेबारा. न्यू जर्सीवाल्यांचे जुलैत सकाळचे साडेआठ आणि जानेवारीत साडेसात, कारण तिकडे घड्याळं वर्षातून दोनदा सरकतात आणि आपली नाही. नमस्कार म्हणा, तो चोवीस तास चालतो. (पत्रिकेत मात्र दोन्हीकडच्या वेळा लिहाव्यात, मार्चमध्ये एकदा आमची तिकडची मंडळी तासभर चुकली होती.)

सूचना परिचयात घालू नका. मोबाइल सायलेंट ठेवा, प्रश्न चॅटमध्ये लिहा, चहा नंतर आहे, हे सगळं परिचयाच्या आधी उरकायचं, आणि मग एक श्वास घेऊन परिचय. परिचय आणि वक्त्याचं पहिलं वाक्य यांच्यामध्ये काहीच येऊ नये. सगळ्यात जास्त मोडला जाणारा नियम हाच, कारण नाव घेतल्यावर कुणीतरी येऊन कानात सांगतं की अहो सत्कार राहिला.

सत्काराचं काय करायचं

यावर जरा थांबते, कारण आमचा सगळ्यात मोठा फजितीचा प्रसंग इथलाच आहे. पहिल्या वर्षी परिचय झाला, मी म्हटलं आता अध्यक्षांनी पाहुण्यांचा सत्कार करावा, आणि माइक टेबलावर आडवा ठेवून मी शाल द्यायला गेले. हॉलमध्ये छान चाललं होतं. झूमवर काय दिसलं ते नंतर रेकॉर्डिंगमध्ये बघितलं: अध्यक्षांची पाठ, फोटोग्राफरची पाठ, मग अजून दोन कार्यकर्त्यांच्या पाठी, आणि आवाज म्हणून टेबलावरच्या माइकमधून शालीच्या प्लॅस्टिकची खरखर, नारळ ठेवल्याचा ठक्क असा दणका आणि मग जवळजवळ तीन मिनिटं शांतता. चॅटमध्ये एकामागून एक ‘आवाज गेला का’, ‘मला पण ऐकू येत नाहीये’, ‘बाहेर पडून परत या’. आणि लोक खरंच बाहेर पडून परत आले, काही आलेच नाहीत. बिचाऱ्यांचं नेट व्यवस्थित होतं, आम्हीच गप्प होतो.

तेव्हापासून तीन पर्याय ठरवलेत. सत्कार भाषणानंतर करायचा, हा सगळ्यात चांगला, पण ज्येष्ठ मंडळींना पटत नाही. दुसरा, परिचयाच्या आधी करायचा, कॅमेऱ्याची बाजू मोकळी ठेवून, म्हणजे देणारा आणि घेणारा दोघं कॅमेऱ्याकडे तोंड करून उभे राहतील आणि फोटोग्राफर बाजूने येईल. जमिनीवर चिकटपट्टीची फुली मारून ठेवा, सांगून कुणी ऐकत नाही पण फुलीवर सगळे उभे राहतात. तिसरं म्हणजे यातलं काहीही केलं तरी माइक हातात धरून क्रिकेटच्या कॉमेंट्रीसारखं दोन वाक्यं बोलत राहायचं: ‘आपले अध्यक्ष पाहुण्यांना शाल आणि पुस्तक देताहेत, पुस्तक आपल्याच वाचनालयाच्या शताब्दीचं आहे’. हॉलमधल्यांना ते दिसतंय तरी त्रास होत नाही, आणि घरच्यांना कळतं की आवाज चालू आहे.

आवाज: साउंडवाल्या दादांशी एक बोलणं

परिचय कितीही सुंदर लिहा, तो लॅपटॉपच्या माइकमधून गेला तर घरी विहिरीतून बोलल्यासारखा ऐकू येतो. कारण लॅपटॉप तुमचा आवाज नाही ऐकत, हॉलच्या स्पीकरमधून भिंतीवर आपटून आलेला आवाज ऐकतो. म्हणून हॉलच्या मिक्सरमधून एक वायर लॅपटॉपला आली पाहिजे. साउंडवाल्याला सांगायचं ते एवढंच: ‘दादा, ऑक्समधून लॅपटॉपला फक्त माइकचा आवाज द्या, आणि झूमचा आवाज हॉलला द्या पण परत झूमला पाठवू नका’. तो परत गेला तर ऑनलाइन बोलणाऱ्याला स्वतःचाच आवाज अर्ध्या सेकंदाने ऐकू येतो आणि माणूस अडखळायला लागतो.

वायर थेट लॅपटॉपच्या हेडफोनच्या भोकात घालू नका. ते भोक माइकच्या बारीक सिग्नलसाठी असतं, मिक्सरचा सिग्नल त्याच्या मानाने फार तगडा, आवाज फाटतो. मध्ये यूएसबीचा ऑडिओ इंटरफेस लागतो ज्याला लाइन इनपुट असतं, साउंडवाल्याकडे नसला तर गावातल्या कुणा गाणाऱ्या-वाजवणाऱ्या पोराकडे हमखास सापडतो.

फोन कॅमेरा म्हणून झूमला जोडणार असाल तर त्याला ऑडिओशिवाय जोडा. एकाच खोलीत दोन उपकरणांचे माइक-स्पीकर चालू राहिले की जी शिट्टी वाजते ती ऐकून पुढच्या रांगेतले आजोबा कानयंत्र काढून ठेवतात.

आवाज तपासायचा तो हॉलमध्ये बसून नाही. माझी भाची नाशिकला असते, ती मोबाइल डेटावर, इअरफोन लावून आमची ‘बाहेरचा कान’ आहे. पावणेसहाला मी परिचयाची पहिली दोन वाक्यं माइकवर म्हणते, आणि तिचा व्हॉट्सअ‍ॅपवर अंगठा आला की झालं. हॉलच्याच वायफायवर बसलेला माणूस यासाठी चालत नाही, आणि शक्यतो घरचंच कुणी असावं म्हणजे ‘छान येतंय’ असं तोंडदेखलं न सांगता ‘मावशी तू माइक हनुवटीला लावतेयस, फक्त भ आणि फ ऐकू येताहेत’ असं खरं सांगेल. माइक तोंडापासून चार बोटं, जरा बाजूने.

एक गोष्ट स्टेजवरून कधीच विचारू नका: ‘ऑनलाइनवाल्यांना ऐकू येतंय ना?’ झूमवर विचारलं तर पाच जण एकदम अनम्यूट होऊन ‘हो हो’ म्हणतात आणि कुणाच्या घरचा कुकर सगळ्या हॉलला ऐकू जातो. यूट्यूब लाइव्हवर विचारलं तर तुमचा प्रश्नच त्यांना पाच-दहा, कधी वीसेक सेकंदांनी पोचतो, मग ते टाइप करणार, तोवर तुम्ही ‘कुणी उत्तर देत नाहीये’ म्हणून घाबरलेल्या. हे काम भाचीचं, तुमचं नाही.

चित्र: कुठे बघायचं आणि कुणी बदलायचं

लॅपटॉपच्या कॅमेऱ्यात पूर्ण स्टेज घेतलं की माणसं मुंग्यांएवढी दिसतात. निम्मे ऑनलाइन श्रोते मोबाइलवर असतात हे लक्षात ठेवा. आम्ही स्टँडवर लावलेला फोन मधल्या वाटेत, तिसऱ्या रांगेपाशी, बोलणाऱ्याच्या डोळ्यांच्या उंचीवर ठेवतो आणि तोच झूमवर सगळ्यांसाठी `Spotlight` करतो. `Pin` नाही. `Pin` फक्त ज्याने केलं त्याच्या स्क्रीनवर होतं, आमच्या कार्यकर्त्याने एकदा पूर्ण कार्यक्रमभर मन लावून `Pin` केलं होतं, त्याला स्वतःला सगळं झकास दिसत होतं. स्पॉटलाइट नसेल तर झूम आवाजाच्या मागे धावतं, घरी कुणी खोकलं की पाहुण्यांच्या जागी तो खोकणारा माणूस मोठा दिसतो.

त्या फोनचं झूमवरचं नावही बदला. नाहीतर तुम्ही भारदस्त आवाजात ‘ज्येष्ठ भूवैज्ञानिक’ म्हणताय आणि चेहऱ्याखाली लिहिलेलं असतं ‘Redmi’. परिचयाआधी तिथे वाचनालयाचं नाव, आणि वक्ता माइकपाशी आला की कार्यकर्त्याने वक्त्याचं नाव टाकायचं.

तुम्ही स्वतः कुठे बघायचं? बहुतेक वेळ हॉलकडे, ते नैसर्गिक आहे, घरच्यांनापण हॉलशी बोलणारी बाई बघायला आवडते. पण तीन ठिकाणी लेन्सकडे बघा: नमस्कार म्हणताना, घरच्यांना उद्देशून जे एखादं वाक्य आहे तिथे, आणि नाव घेताना. लेन्सच्या खाली पिवळा कागद चिकटवा म्हणजे स्टेजवरच्या उजेडातून सापडते. मागच्या प्रोजेक्टरवर झूमचे चौकोन दिसत असतील तर त्यांच्याकडे वळून बोलू नका, हॉलला तुमचा अंबाडा दिसतो आणि झूमलापण अंबाडाच.

एक परिचय, अक्षरशः

आता गेल्या मोसमातला एक परिचय देते, नाव मुद्दाम गाळलंय, आणि गावाचे तपशील थोडे इकडेतिकडे केलेत. वक्त्या निवृत्त भूवैज्ञानिक, विषय ‘आपल्या पायाखालचं पाणी’, त्या हॉलमध्ये हजर.

‘इथे वाचनालयात जमलेल्या आणि आपापल्या घरून ऐकणाऱ्या सगळ्यांना नमस्कार. समोर ऐंशी खुर्च्या भरल्या आहेत, आणि माझ्या डावीकडच्या पडद्यावर पन्नास घरं दिसताहेत.

आपल्याकडे बोअर मारायची ठरली की पहिला फोन पाणाड्याला जातो. तो तळहातावर नारळ ठेवून शेतात फिरतो, नारळ उभा राहिला की तिथे मशीन लागतं. आजच्या पाहुण्या अशाच शेतांतून एकतीस वर्षं फिरल्या, पण त्यांच्या हातात नारळ नव्हता. इथे टेबलावर फिरकीसारखी एक चकरी ठेवली आहे, घरच्यांना दिसावी म्हणून मी ती कॅमेऱ्यासमोर धरते. ही विहिरीतली पाणीपातळी मोजायची टेप आहे. सरकारी भूजल खात्यात असताना ठरलेल्या विहिरींमध्ये वर्षातून चार वेळा ही टेप सोडायची, आकडा लिहायचा आणि पुढच्या विहिरीकडे जायचं, हे त्यांचं काम.

त्या यादीत आपल्या देवळामागची विहीरपण होती. आपण सगळ्यांनी तिच्यात कधी ना कधी वाकून बघितलंय, काही जणांनी उड्याही मारल्यात. एकतीस वर्षांत तिच्यातलं पाणी कुठून कुठे गेलं, हे ज्यांच्या वहीत लिहिलेलं आहे, त्या आज आपल्याशी बोलणार आहेत. डॉक्टर…’

आणि इथे पूर्ण नाव, सावकाश, लेन्सकडे बघून. बास.

आता यात काय केलंय ते सांगते. पहिल्या परिच्छेदात हॉलला घरं दिसली आणि घरांना हॉल. आकडे सांगितले की दोन्हीकडच्यांना कळतं आपण एकटे नाही, घरच्याला तर भरलेल्या खुर्च्या दिसतच नाहीत, कॅमेरा त्यांच्याकडे पाठ करून असतो. इथे ‘आपले ऑनलाइन जोडले गेलेले प्रेक्षकही’ असं शेपूट लावलं तर ऐकणाऱ्याला आपण उपरे वाटतो, त्यापेक्षा पहिल्याच वाक्यात दोघं शेजारीशेजारी.

टेप कॅमेऱ्यासमोर धरली ते मुद्दाम. हॉलमधले लोक आल्यापासून ती चकरी बघून कुजबुजत होते. हॉलमध्ये दिसणारी पण स्क्रीनवर न दिसणारी एखादी गोष्ट प्रत्येक कार्यक्रमात असतेच, तिला नाव द्या आणि दाखवा. झूमवर मी चार-पाच सेकंद स्थिर धरते, हलवत राहिलं की नुसता धुरकट डाग दिसतो.

देवळामागची विहीर ही दोन्ही गटांची. पुण्या-लंडनच्या पोरांनी त्यात उड्या मारल्यात, हॉलमधल्या त्यांच्या आयांनी ओरडा केलाय. वक्त्याला ऐकणाऱ्याशी जोडणारी गोष्ट अशी निवडायची की जिथे दोघं पूर्वी एकत्र होते. मॅडमना दोन पुरस्कार होते, परदेशात वाचलेले निबंध होते, ते सगळं चॅटमध्ये टाकलं, कुणाला हवं त्याने वाचावं.

‘सूर्याला काजवा दाखवण्यासारखं’ आणि ‘ज्यांना परिचयाची गरज नाही असे’ यातलं काही नाही. गरज नाही तर तुम्ही उभ्या का आहात असं माझे वडील म्हणायचे.

खुणांचा कागद

हाच परिचय मी तीन प्रतींत छापते. एक माझी, एक साउंडवाल्या दादांची, एक झूम बघणाऱ्या कार्यकर्त्याची. त्यांच्या प्रतीत दोन जागा पिवळ्या केलेल्या. ‘देवळामागची विहीर’ हे शब्द आले की दादांनी वक्त्यांच्या माइकचा आवाज वर घ्यायचा, आणि कार्यकर्त्याने फोनचा कॅमेरा सावकाश वक्त्यांच्या खुर्चीकडे वळवायचा. म्हणजे नाव येईपर्यंत घरच्यांना चेहरा दिसायला लागलेला असतो आणि माइक चालू असतो. हे केलं नाही तर काय होतं ते आपण सगळ्यांनी बघितलंय: वक्ता येतो, माइकवर टकटक करतो, ‘येतोय का आवाज’ विचारतो, आणि तुम्ही जमवून आणलेली सगळी उत्सुकता त्या टकटकीत जाते.

दुसरी पिवळी जागा नावाची. नाव आलं की फोनच्या फ्रेमवरचं नाव बदल, चॅटमध्ये ओळख परत टाक.

म्हणून लिहिलेले खुणेचे शब्द स्टेजवर बदलायचे नाहीत. बाकी इकडेतिकडे करा, मीपण करते, पण ‘देवळामागची विहीर’ ऐवजी ऐन वेळी ‘आपली जुनी बारव’ म्हटलं की बिचारा कार्यकर्ता शेवटपर्यंत विहिरीची वाट बघत बसतो.

टाळ्यांबद्दल एक. झूम टाळ्यांना गोंगाट समजून दाबतं, म्हणून घरी त्या तुटक, पाणी गळल्यासारख्या ऐकू येतात किंवा येतच नाहीत. ऑडिओच्या सेटिंगमध्ये `Background noise suppression` कमीवर ठेवलं तर फरक पडतो, वायर मिक्सरमधून येत असेल तर ते कमी ठेवायला हरकत नसते, आणि एखादा माइक हॉलकडे तोंड करून हलका उघडा ठेवला तर अजून बरं. हॉलला मात्र घरच्या टाळ्या ऐकवायच्या भानगडीत पडू नका, सगळे म्यूट राहू देत.

वक्ताच ऑनलाइन असेल तर

तेव्हा सगळं उलटं. वक्ता एकटा खोलीत बसलेला असतो आणि त्याला आपला हॉल म्हणजे एक चौकोन. त्याला वीस मिनिटं आधी आत घ्या, स्पॉटलाइट करून बघा, आणि परिचयाचं शेवटचं वाक्य त्याला आधीच वाचून दाखवा. शेवटच्या वाक्याआधीच त्याने अनम्यूट व्हायचं असं ठरवा, नाहीतर तुम्ही नाव घेता, मग कार्यकर्ता `Ask to Unmute` पाठवतो, समोरच्याला ती खिडकी दिसत नाही, आणि ‘सर तुम्ही म्यूटवर आहात’ हे आपलं राष्ट्रीय वाक्य ऐंशी लोक एका सुरात म्हणतात.

नाव घेतल्यावर मनात तीन आकडे मोजा आणि तोंड बंद ठेवा. मध्ये थोडा उशीर असतोच, आपण घाबरून ‘सर, हॅलो सर’ केलं की दोघांचे शब्द एकमेकांवर आपटतात. आणि टाळ्या त्याला नीट जाणार नाहीत, म्हणून आधीच सांगून ठेवा की नाव घेतल्यावर हॉल टाळ्या वाजवेल, पाच सेकंद थांबा आणि सुरू करा.

नेट गेलंच तर? परिचयाचा फक्त एक जादा परिच्छेद खिशात ठेवते, पाऊणएक मिनिटाचा, खरा आणि विषयाचा, पुरस्कारांची यादी नव्हे. तेवढ्यात कार्यकर्ता वक्त्याला साधा फोन लावतो, स्पीकरवर टाकतो आणि फोन माइकपाशी धरतो. चित्र नाही पण आवाज येतो, आणि मी तोवर चित्र का नाही ते दोन्हीकडच्यांना एका वाक्यात सांगते. असं एकदा पूर्ण बावीस मिनिटांचं भाषण फोनवर ऐकलंय आम्ही, कुणी उठलं नाही.

घड्याळाच्या दोन गोष्टी

झूमचं फुकट अकाउंट असेल तर मीटिंग ४० मिनिटांनी बंद पडते, आणि ती ४० मिनिटं तुम्ही लिंक उघडल्यापासून मोजली जातात, भाषणापासून नाही. पावणेसहाला तपासणीसाठी मीटिंग उघडली, सहा दहाला सुरू केलं, सत्कार, परिचय, आणि सहा पंचवीसला पाहुणे कुठे रंगात यायला लागतात तर घरच्यांची स्क्रीन काळी. तपासणीची मीटिंग वेगळी उघडून बंद करा, नाहीतर वर्गणी काढून महिन्याभराचं अकाउंट घ्या.

आणि हॉल सहा दहाला सुरू होणार हे हॉलमधल्यांना माहीत असतं, घरचे मात्र सहाला डॉट येतात. त्यांना रिकामं स्टेज दाखवू नका. पाटीवर ‘सहा दहाला सुरू करतोय, प्रश्न चॅटमध्ये लिहा’ एवढं लिहून ती कॅमेऱ्यासमोर ठेवा.

बाकी माझं म्हणाल तर नाव घेतलं की मी माइक बंद करते, तो दादांच्या हातात देते, टेबलावर ठेवत नाही, आणि कॅमेऱ्यासमोरून न जाता मागच्या दाराने फिरून तिसऱ्या रांगेत येऊन बसते. फोन उलटा मांडीवर असतो. मॅडमचं पहिलं वाक्य संपता संपता तो थरथरतो, नाशिकहून अंगठा आलेला असतो, कधी कधी अंगठ्याखाली ‘पण तुझी साडी बॅनरच्याच रंगाची आहे, नुसतं मुंडकं दिसत होतं’.